चौदा किलो साखरेचं व्हाउचर

प्रश्न: ताई, मी ५३ वर्षांचा, नाशिकला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ह्या मे मध्ये लग्नाला २५ वर्षं होतील. बायको शाळेत शिकवते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. गेल्या १४ फेब्रुवारीला एक कविता छान अक्षरात उतरवून बायकोला दिली. तिने पूर्ण वाचली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाली, "अहो ही आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर परवाच आलीय, खाली गुलाब पण होता." आणि हसत सुटली. मी पण हसलो, पण जरा लागलंच. ह्या वर्षी स्वतःचं, गमतीचं लिहायचंय, पिक्चरवाले डायलॉग नकोत. पण मी पडलो बिलं-व्हाउचरवाला माणूस, पेन हातात घेतलं की एकतर चंद्र-तारे सुचतात नाहीतर बायकोवरचे जोक. गेली २० वर्षं सकाळचा चहा मी करतो, ती अर्धा चमचा साखर सांगते, मी एक घालतो, ती पिते. असलंच काहीबाही आठवतं, ते काय लिहायचं? तिला विचारलं तर "मला काही नको" म्हणते. शिवाय यंदा दुसऱ्याच दिवशी महाशिवरात्र, १४ ला रात्री तिची साबुदाण्याची गडबड असणार. लिहू की राहू दे?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून मी आधी काय केलं असेल तर मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर, म्हणजे तुमचा जादा अर्धा चमचा २ ग्रॅम. वर्षाचे ३५० दिवस धरू, बायको मे महिन्यात पंधरा दिवस माहेरी जात असेल असं मी आपलं माझ्या मनाने धरलंय, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा. गुणिले २० वर्षं. झाले ७,००० कप, आणि १४,००० ग्रॅम साखर. चौदा किलो हो! चौदा फेब्रुवारीला चौदा किलो, हे मी जुळवून आणलेलं नाही, आकडेच तसे आले.

आणि तुम्ही विचारताय हे काय लिहायचं.

खरं सांगू का, तुमच्या अख्ख्या पत्रात मी जर कुठे थांबले असेन तर त्या "मी एक घालतो, ती पिते" वर. बाकी सगळं मला दर जानेवारीत येणाऱ्या पत्रांमध्ये असतंच, कविता उतरवली, सुचत नाही, बायको म्हणते काही नको. पण हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पत्रात नव्हतं आणि असणारही नाही. तुम्ही ते "असलंच काहीबाही" म्हणून बाजूला टाकलंत. इथेच तुमचं अडलंय बघा. लिहिता येत नाही ही अडचण नाहीये तुमची, तुमच्याकडे माल आहे पण तो तुम्ही रद्दीत काढलाय आणि बाजारात दुसऱ्याचा माल शोधत फिरताय.

आता गेल्या वर्षीचं बघू. तुम्हाला वाटतंय ती हसली म्हणजे तुमची फजिती झाली. पण क्रम नीट आठवा ना, तुम्हीच लिहिलाय. तिने कविता पूर्ण वाचली. दोन दिवस आधी वाचलेली कविता परत शेवटपर्यंत वाचली, कारण तुमच्या अक्षरात होती. जिला नकोच असतं ती बाई दुसऱ्या ओळीला "हो हो, ठेवा तिथे" म्हणून कुकर लावायला जाते. ती थांबली, वाचली आणि मग खरं काय ते बोलली. शिक्षिका आहे, कॉपी पकडणं हा तिचा रोजचा धंदा आहे, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा होती तुमची? मला तर वाटतं ती त्या कवितेत तुम्हाला शोधत होती आणि खाली फक्त गुलाब सापडला.

"मला काही नको" बद्दल. आपल्या घरांमध्ये ह्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "खर्च करू नका" असा असतो. साडी नको, हॉटेल नको, ते लाल फुगे तर अजिबात नको. कागदाच्या चतकोर तुकड्याला त्यात कुणी नाही म्हटलेलं नाही. पण काही बायकांना ह्या दिवसाचाच खरोखर कंटाळा असतो, आणि तसं असेल तर तेही ऐकलं पाहिजे. ते कसं ओळखायचं? ती फक्त वस्तूला नाही म्हणते का दिवसालाच नाही म्हणते, हे बघा. "कशाला ती थेरं, आपल्याला नाही आवडत" असं ती दरवर्षी म्हणत असेल तर १४ तारखेचा नाद सोडा आणि हाच कागद २० तारखेला द्या, काही बिघडत नाही, उलट अवचित मिळाला म्हणून जास्त मजा येईल. तुमची गेल्या वर्षी हसत सुटली, त्यामुळे मला तरी तिथे कंटाळा दिसत नाही.

फिल्मी काय आणि काय नाही हे ओळखायला मी एक साधी परीक्षा लावते. लिहिलेला कागद घ्या आणि मनातल्या मनात तो शेजारच्या काकांच्या हातात द्या. त्यांनी तो जसाच्या तसा त्यांच्या बायकोला दिला तर चालेल का? चालत असेल तर फाडा. चंद्र-तारे, सात जन्म, तुझ्याविना श्वास, हे सगळं कुणाच्याही बायकोला चालतं म्हणून तर ते ग्रुपवर फिरतं. साखरेचा हिशेब काकांना चालणार नाही, कारण त्यांच्याकडे चहा काकूच करतात.

आणि अजून एक. "माझे तुझ्यावर खूप प्रेम आहे" हे वाक्य लिहू नका. खोटं आहे म्हणून नाही, पण मराठीत असं कुणी बोलत नाही हो! नवरा-बायको तर नाहीच नाही. वाचताना डब केलेल्या सिरियलसारखं वाटतं, ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. आपल्याकडे ते "गाडी हळू चालव" आणि "पोचलीस की मिस कॉल दे" मध्ये असतं. त्या कागदावर प्रेम हा शब्द एकदाही आला नाही तरी तिला कळेल की हा कागद कशाबद्दल आहे.

आता जोकचं. बायकोवरचे जोक नकोत हे तुम्हाला आतून कळलंय, चांगलं आहे, पण त्यांचा एक भाऊ असतो तो गुपचूप आत शिरतो, त्याच्यापासून सावध राहा. तो म्हणजे "मी बिचारा नवरा". म्हणजे "२५ वर्षं जन्मठेप भोगतोय", "होम मिनिस्टरच्या आदेशानुसार", असलं. लिहिणाऱ्याला वाटतं मी स्वतःवरच विनोद केला, पण नीट बघा, तुम्ही बिचारे असाल तर तुम्हाला बिचारं करणारी कोण? तीच ना? तो बायकोवरचाच जोक असतो, फक्त कपडे बदलून आलेला. स्वतःवर हसायचं असेल तर तुम्ही खरोखर केलेल्या चुकीवर हसा. अर्धा सांगितल्यावर एक घालणं ही चूक आहे आणि ती निखालस तुमची आहे, त्यात ती कुठेही वाईट दिसत नाही.

इथे माझ्याच घरातलं सांगते. आमचे हे निवृत्त व्हायच्या आधी सकाळी डबे भरायचं काम त्यांच्याकडे होतं. एका १४ फेब्रुवारीला त्यांनी माझ्या डब्यात, पोळ्यांच्या वर, घडी घालून चिठ्ठी ठेवली. मला काहीच कल्पना नाही. आमच्या ऑफिसात जेवायला सगळे डबे मध्ये एकत्र उघडायची पद्धत, त्यामुळे माझा डबा माझ्याआधी दुसरीनेच उघडला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. मी तर डोळेच मिटून घेतले, म्हटलं आता ह्याने काय लिहिलंय देव जाणे. चिठ्ठीत होतं, "वांग्यात मीठ दोनदा पडलंय. पहिल्यांदा घातलं तेव्हा तू न्हाणीघरात गात होतीस त्यामुळे लक्ष नव्हतं. दही सोबत दिलंय." बस एवढंच. सगळ्या हसल्या, मग एकदम गप्प झाल्या, आणि मग एक जण म्हणाली, तू गातेस? मी त्या घरात कितीतरी वर्षं गात होते आणि ते कुणी ऐकतंय हे मला त्या दिवशी कळलं. चिठ्ठी तेलकट झालेली अजून आहे माझ्याकडे.

पण ह्यातून डब्यात ठेवू नये हेही शिकायचं, बरं का. तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही, स्टाफरूमवाल्यांनी गेल्या वर्षीच तुमचा पेपर फोडलाय.

तुम्हाला एक गंमत सांगते. व्हॅलेंटाइन हा शब्द लिहिलेलं इंग्रजीतलं सगळ्यात जुनं जे पत्र मानतात ते १४७७ सालच्या फेब्रुवारीतलं आहे, इंग्लंडमधल्या नॉरफोकचं, मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पॅस्टनला लिहिलेलं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ती त्याला आपला व्हॅलेंटाइन म्हणते आणि लगेच हुंड्यावर येते! वडील तुला माहीत आहे त्याहून जास्त द्यायला तयार नाहीत, आईने खूप प्रयत्न केले, पण तुझं माझ्यावर मन असेल तर तू तेवढ्यावरून मला सोडणार नाहीस, असं. आपल्याकडची लग्नाची बैठकच जणू. आणि लग्न झालं त्यांचं पुढे. आता हुंड्याचं कौतुक करायला मी हे सांगत नाहीये, पण साडेपाचशे वर्षं टिकलेल्या त्या कागदात त्या दोघांच्या घरचा व्यवहार जसाच्या तसा आहे, म्हणून तो आजही खरा वाटतो. तुम्हाला तुमच्या घरातल्या साखरेची लाज वाटायचं काही कारण नाही.

तर लिहायचं कसं. तुम्ही म्हणता मी बिलं-व्हाउचरवाला माणूस, जणू काही ते आजारपण आहे. अहो, तुम्हाला एक फॉर्म आयताच येतो, जो कवींना येत नाही. व्हाउचरच लिहा. आता त्यात रोख देवघेव नाही म्हणजे ते जर्नल व्हाउचर होणार, हे तुम्ही मला सांगायला हवं, पण माझा भाऊ त्याच धंद्यात होता म्हणून मलाही थोडं कळतं. आणि नावे कुणाच्या, जमा कुणाच्या, इथे जरा थांबा, कारण अख्खी गंमत इथे आहे. नियम काय, लाभ घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. तुम्ही पटकन म्हणाल साखर मी दिली, तर जमा माझ्या खात्यात. तशी नोंद केलीत तर चिठ्ठी फसली. साखर तुम्ही दिलीत पण ती मागितली कुणी होती? तिने जे दिलं ते म्हणजे ७,००० वेळा कप परत न पाठवणं. नोंद त्याची करायची आहे. घेणारे तुम्ही, देणारी ती. हे एकदा सरळ झालं की पुढचं आपोआप लिहिलं जातं.

मी करून बघितलं, पहिल्यांदा असं झालं:

"प्रिय ..., गेली २० वर्षे तू माझ्या हातचा गोड चहा विनातक्रार पीत आलीस, तुझ्या या सहनशीलतेला माझा सलाम. तुझ्यामुळेच माझ्या आयुष्यात गोडवा आहे."

हे नको. का नको बघा. "सहनशीलतेला सलाम" हे निरोप समारंभातलं भाषण झालं, हातात शाल-श्रीफळच द्यायचं राहिलं. आणि "आयुष्यात गोडवा", तिथे आला बघा पिक्चर. साखर म्हटलं की गोडवा येणारच, तो रस्ता उताराचा आहे, पेन आपोआप घसरतं. आकडे नाहीत, कप नाही, चमचा नाही. मी ते सगळं खोडलं आणि फक्त घडलं ते ठेवलं. मग असं झालं:

> जर्नल व्हाउचर क्र. १४
> दि. १४ फेब्रुवारी २०२६
>
> चहा करणारा ......... नावे
> चहा पिणारी ............ जमा
>
> नॅरेशन: मागणी अर्धा चमचा, पुरवठा एक चमचा. जादा २ ग्रॅम × ३५० दिवस (माहेरचे १५ वजा) × २० वर्षं = १४ किलो साखर. एवढ्या काळात एकही कप परत आला नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, तुलाही माहीत होतं, पण नोंद कुठेच नव्हती.
>
> उद्यापासून चहा मीच करणार, साखर तू घालायची. मागची बाकी फेडणं शक्य नाही, पुढे ओढली आहे.
>
> तयार करणार: मी
> तपासणार: बंगळुरू शाखेला दाखवायचं नाही
> मंजूर: ____________

सत्तर-ऐंशी शब्द झाले, ह्यापेक्षा मोठं करू नका. तुमच्याकडे अजून खूप असेल, ते पुढच्या व्हाउचरांना ठेवा. एका कागदावर एकच नोंद. चहा पण, दुपारचे फोन पण, दवाखान्यात बसून राहिली ते पण, असं सगळं एकत्र घातलं की पुन्हा ते सत्कार समारंभाकडे जायला लागतं.

हे जसंच्या तसं उतरवू नका मात्र, नाहीतर तुम्ही परत कॉपीच केलीत आणि ती परत पकडेल. माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुमचा चमचा कुठला आहे? घरातल्या चमच्याने सपाट एक चमचा साखर काढा, मुलगी असताना घेतलेला केक करायचा वजनकाटा असेल तर त्यावर बघा, नसेल तर दहा चमचे एका वाटीत काढून किराणावाल्याकडे वजन करून आणा. तुमचा चमचा शिगोशीग असेल तर ४ चे ६ ग्रॅम पण होतील, मग चौदाचे एकवीस होतात. चहा करायला सुरुवात कधी केलीत, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा की आधी? कोणत्या वर्षी ती आजारी होती आणि काढा पीत होती, ते दिवस वजा करा. हे तुम्ही करत बसाल ना रविवारी दुपारी टेबलावर, तेव्हा तुम्हाला अशा गोष्टी आठवतील ज्या मला इथे बसून सुचणार नाहीत, आणि त्यातलीच एखादी त्या नॅरेशनमध्ये शेवटी राहील. आकडा चुकीचा असला तरी चालेल पण तुम्ही काढलेला हवा, ती विचारणार, "हे ३५० कसे धरले हो?" आणि तुम्हाला सांगता आलं पाहिजे. त्या चिठ्ठीतला खरा अर्धा तास तो असेल.

एक पथ्य. तिला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली असेल, किंवा घरात कुणाला मधुमेह असून ती मनात धास्तावलेली असेल, तर हा विनोद करूच नका. मग चिठ्ठी बाजूला ठेवा आणि उद्या सकाळपासून मुकाट्याने अर्धा चमचा घाला. तसंच सध्या तुमच्यात काही धुसफूस चालू असेल, पैशावरून, सासरच्या कुणावरून, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यावरून, तर आधी ते बोला. न मिटलेल्या भांडणावर गमतीची चिठ्ठी ठेवली की समोरच्याला वाटतं ह्याला काही गांभीर्यच नाही, आणि ते चुकीचंही नसतं.

"उद्यापासून साखर तू घालायची" ह्या ओळीकडे परत एकदा बघा. नुसती कबुली देऊन थांबलं की चिठ्ठी लाडीगोडी वाटते. पुढे काहीतरी बदलणार आहे, छोटं, जमण्यासारखं, असं असलं की तिला वजन येतं. पण ते पाळावं लागेल. १५ तारखेला सकाळी कप आणि साखरेचा डबा दोन्ही तिच्यासमोर ठेवायचे. आणि ती अर्धा न घालता एक घालेल अशी मला दाट शंका आहे, वीस वर्षांत जीभ बदलते हो, पण तो तिचा प्रश्न, तुम्ही बोलायचं नाही. हसायचं पण नाही. बरं, थोडं हसा.

कुणी तुम्हाला सांगेल उखाणा घ्या. पुरुषाने उखाणा घेतला की मजा येते हे खरं, पण तयार उखाण्यांचीही तीच गत, "भाजीत भाजी मेथीची" मध्ये कुठलंही नाव बसतं. घ्यायचाच तर व्हाउचरच्या खाली स्वतःचा टाका, "चहात साखर अर्ध्याच्या जागी एक, अमुकचं नाव घेतो, हिशेब करा चेक." वाईट आहे, मला माहितीय! पण वाईट उखाणा स्वतः केलेला असेल तर तो चांगल्या फॉरवर्डपेक्षा कधीही बरा. तुमची बायको मराठी शिकवत असेल तर मात्र जपून, लाल पेनाने खुणा होऊन परत येईल. खरं तर तेही काही वाईट नाही.

कागद कुठला? ते गुलाबी कार्ड आणू नका. ऑफिसात कोरं व्हाउचर पॅड असतं तसलं स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, ते आणा, कारखान्याचं नाव छापलेलं उचलून आणू नका, ती आधी तेच विचारेल. बॉलपेनने लिहा, शाईचं पेन नको, का ते सांगते. आणि टाइप करून मोबाइलवर तर पाठवूच नका. मोबाइलवर गेलं की ते दूधवाल्याच्या मेसेजच्या खाली आणि शाळेच्या सूचनेच्या वर जाऊन बसतं, आणि चुकून फॅमिली ग्रुपवर पडलं की संपलं, तुमच्या मेव्हण्यापासून सगळे अंगठे दाखवतील. गेल्या वर्षी तुमचं अक्षर बघूनच तर ती थांबली होती, ते हातचं घालवू नका. मुलीलाही फोटो पाठवू नका. तिला सांगायचं तर तिची आई सांगेल, तो हक्क तिचा.

आता ठेवायचं कुठे. ह्यासाठी तुमची महाशिवरात्र देवाने पाठवलीय असं समजा. यंदा १४ फेब्रुवारी शनिवारी आहे आणि रविवारी शिवरात्र, म्हणजे शनिवारी रात्री साबुदाणा भिजत पडणार, दाणे भाजायचे, कूट करायचं. ते काम ह्या वेळी तुम्ही घ्या. सांगून घेऊ नका, ती जेवणानंतर बाहेरच्या खोलीत बसली की गुपचूप करून टाका. चिठ्ठी दाण्याच्या कुटाच्या डब्याखाली ठेवा, साबुदाण्याच्या ताटलीवर नको, ती ओली असते, म्हणून तर म्हटलं शाईचं पेन नको. रात्री झोपायच्या आधी ती स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवायला येणार, बघणार तर भिजवलेला आहे, कूट झालेलं आहे, डबा उचलणार जागेवर ठेवायला, खाली व्हाउचर. तुम्ही तिथे उभे राहू नका. हे महत्त्वाचं आहे. समोर उभं राहून वाचायला दिलं की वाचणाऱ्याला चेहऱ्यावर काहीतरी आणावं लागतं, आणि तुम्ही मार्क किती पडले ते बघत राहता. गेल्या वर्षी लागलं ना तुम्हाला, ते कवितेमुळे कमी आणि तुम्ही तिथे निकालाची वाट बघत होतात म्हणून जास्त.

नंतर "कशी वाटली?" विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती काही बोलणार नाही असंही होऊ शकतं. माझ्या माहितीतल्या कित्येक बायका असा कागद वाचून "लाइट बंद करा" एवढंच म्हणतात आणि तो पर्समध्ये, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, कपाटात साड्यांच्या खालच्या वर्तमानपत्राखाली जातो. मंजूर पुढची रेघ कोरी राहिली तर राहू द्या, मुद्दाम मोकळी सोडलीय ती. सही केली तर तिची मर्जी, "फेरतपासणीसाठी परत" असं लिहून आलं तर समजा पत्रव्यवहार सुरू झाला आणि मार्चअखेरपर्यंत तुम्हाला काम मिळालं.

बाकीच्या नवरे मंडळींनी जे हे वाचत असतील, आणि असतातच, मला माहितीय, त्यांनी व्हाउचर लिहू नये. तुमचा जो धंदा त्याचा कागद घ्या. शिंप्याने मापाचं पान घ्यावं, मेडिकलवाल्याने गोळ्यांची पुडी, एसटीत आयुष्य काढलेल्याने तिकीट, मास्तरांनी प्रगतिपुस्तक, पण त्यात मार्क स्वतःला द्यायचे, तिला नाही. आखातात किंवा बोटीवर असलेल्यांना दाण्याच्या डब्याखाली ठेवता येणार नाही, त्यांनी कागदावरच लिहावं आणि फोटो एकटीला पाठवावा, कागद सुट्टीवर येताना बॅगेत आणावा. आणि ज्यांना आपल्या घरातली साखर कोणती तेच आठवत नाहीये त्यांनी आठवडाभर संध्याकाळी एकच प्रश्न स्वतःला विचारावा, आज तिने काय चालवून घेतलं? तीन दिवसांत कागद भरतो, चौथ्या दिवशी जरा ओशाळायला होतं.

तुम्ही मात्र आता चमच्याच्या वजनाला लागा. आणि साबुदाणा आधी दोनदा धुवा, मग पाणी त्याच्या बरोबरीला येईल इतकंच ठेवा, "जरा जास्त असू दे" म्हणून ओतू नका. तुमचा हात कसा आहे ते आम्हाला साखरेवरून कळलंय, सकाळी खिचडीचा गोळा झाला तर व्हाउचर क्रमांक १५ लिहावं लागेल.